खांदा आखडतो तेव्हा

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत हजेरी घेताना आमच्या एका काकूंनी डावा हात वर केला. त्या उजव्या हाताने सही करतात, उजव्याच हाताने भाकरी थापतात, म्हणून आम्ही सहज विचारलं, "काकू, आज डावा कसा?" त्या म्हणाल्या, "उजवा आता कुठं वर जायला लागलाय. पण अजून भरवसा नाही बाई." दीड वर्ष त्यांचा खांदा आखडलेला होता. त्यांचीच गोष्ट आज त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, सांगणार आहोत.

काकूंचं वय बावन्न. कडक भाकरी करून विकणं हा त्यांचा धंदा. सुरुवात झाली आषाढी वारीच्या सुमारास. पडल्या नाहीत, मार लागला नाही. वेणी घालताना खांद्यात नुसती कळ यायची. पुढे रात्री त्या कुशीवर झोपता येईना. अचानक हात मागे गेला, की डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरच्यांना वाटलं, भाकऱ्या थापून हात भरून आला असेल. कुणी म्हणालं, "वारं धरलंय." मग एका मालिश करणाऱ्याकडे नेलं. त्याने हात धरून जोरात वर ओढला. त्या रात्री काकू बसूनच राहिल्या आणि पुढचे पंधरा दिवस दुखणं दुप्पट झालं.

हे का झालं, ते समजून घेऊ. खांद्याचा सांधा म्हणजे एका उथळ वाटीत बसलेला चेंडू. त्या दोघांभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. ती सैल असते म्हणूनच आपला हात वर, मागे, सगळीकडे फिरतो. या आजारात त्या पिशवीला आतून सूज येते, मग ती जाड होते आणि आकसते. धुतल्यावर आटलेला ब्लाउज जसा काखेत ओढतो, तसं होतं. यालाच डॉक्टर फ्रोजन शोल्डर म्हणतात, म्हणजे गोठलेला खांदा. सुजलेली पिशवी जोराने ओढली, तर सूज वाढते. काकूंचं तेच झालं.

हा आजार बहुतेक वेळा चाळीस ते साठ या वयात येतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. साखरेचा आजार असेल, तर त्याची शक्यता बरीच वाढते. थायरॉईडचा त्रास असणाऱ्यांना, किंवा हात मोडल्यामुळे अनेक दिवस झोळीत ठेवलेल्यांनाही तो होतो. पुष्कळदा मात्र कारण सापडतच नाही.

आता ओळखायचं कसं? खांदा दुखण्याची कारणं अनेक आहेत, पण एक खूण घरी पाहता येते. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, हात काटकोनात पुढे धरा, मग दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा, दाराची दोन फळं उघडावीत तसे. आखडलेल्या खांद्याचं फळ अर्ध्यावरच अडतं. दुसऱ्या कुणी हलक्या हाताने मदत केली, तरी ते पुढे जात नाही. स्नायूची शीर फाटली असेल, तर स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो बहुतेक वेळा वर जातो. आखडलेला खांदा मात्र कुणालाच हलवता येत नाही. पक्कं निदान डॉक्टरच करतील.

दिवाळीच्या आधी काकूंना सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात अस्थिरोग विभागात दाखवलं. एक्स-रेमध्ये हाडं ठीक होती. या आजारात बहुधा तसंच दिसतं, म्हणून "एक्स-रेत काही नाही, म्हणजे नाटक करतेय" असं कुणी म्हणू नये. डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली, आणि ती वाढलेली निघाली. काकूंना साखर आहे, हे खांद्यामुळे कळलं.

डॉक्टरांनी त्यांना आजाराचे तीन टप्पे सांगितले. पहिला दुखण्याचा. तो साधारण दोन ते नऊ महिने चालतो. दुखणं वाढत जातं आणि हात हळूहळू अडत जातो. दुसरा आखडण्याचा, चार महिने ते वर्षभर. यात ठणका कमी होतो, पण हात खिळवल्यासारखा राहतो. तिसरा सुटण्याचा. तो सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. सगळं मिळून बहुधा एक ते तीन वर्षं लागतात. काहींच्या हातात थोडा ताठपणा कायम राहतो.

काकूंचा ठणका दिवाळीनंतर ओसरला. पण गड्ड्याच्या यात्रेला गेल्या तेव्हा साडीचा पदर खांद्यावर दुसरीने टाकून दिला. त्यांना वाटलं, दुखत नाही तरी हात वर जात नाही, म्हणजे आजार बळावला. खरं तर तो दुसऱ्या टप्प्यात गेला होता.

उपाय टप्प्याप्रमाणे बदलतो. पहिल्या टप्प्यात दुखणं कमी करणं महत्त्वाचं. डॉक्टर गोळ्या देतात, कधी सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन देतात. ते सुरुवातीच्या दिवसांत जास्त उपयोगी पडतं, पण साखर काही दिवस वाढवतं. म्हणून साखर असेल तर आधी सांगायचं. हात झोळीत बांधून ठेवायचा नाही. चांगला हात कट्ट्यावर टेकून थोडं वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग हलवून तो ताटलीएवढ्या गोलात दहा वेळा फिरवायचा.

ठणका ओसरल्यावर ताणाचे व्यायाम. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंतीवर मुंगीसारखं वर चढायचं, ताण जाणवेल तिथे थांबायचं. काकूंनी तिथे खडूने रेघ मारली. पहिली रेघ छातीएवढी होती. दुसरा व्यायाम टॉवेलचा. आपल्या सोलापुरी टॉवेलचं एक टोक चांगल्या हाताने खांद्यावरून पाठीमागे सोडायचं, दुसरं टोक दुखऱ्या हाताने कमरेशी धरायचं आणि चांगल्या हाताने हळूच वर ओढायचं. व्यायामाआधी दहा मिनिटं कोमट शेक घ्यावा. साखर असणाऱ्यांनी शेक आधी दुसऱ्या हाताला लावून पाहावा, नाहीतर भाजलेलं कळत नाही.

व्यायाम किती करायचा, त्याचं माप रात्री मिळतं. ताण थोड्या वेळात निवळला, तर ठीक. त्या रात्री झोप मोडली, तर जास्त झालं. दुसऱ्या दिवशी कमी करायचं.

काकूंची खडूची रेघ उन्हाळाभर जेमतेम चार बोटं सरकली. पुढची आषाढी आली तेव्हा ती डोक्यावर गेली होती. दिवाळीत त्यांनी फळीवरचा डबा स्वतः काढला. ब्लाउजचे मागचे हुक मात्र अजून लागत नाहीत. तोवर घरी भाकरी सुनेने थापली. काकू हिशेब आणि विक्री बघत राहिल्या, म्हणून गटाचा हप्ता चुकला नाही.

शेवटी एक ध्यानात ठेवा. डाव्या हातासोबत छाती दाबली जात असेल, घाम किंवा दम येत असेल, तर तो खांदा नव्हे, हृदय असू शकतं. लगेच दवाखाना गाठा. पडल्यावर हात उचलेनासा झाला, खांदा लाल आणि गरम झाला, ताप आला, किंवा बोटांतली ताकद गेली, तरी वाट पाहू नका. आणि खांदा आखडला आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तर त्याच आठवड्यात साखर तपासून घ्या. काकूंची साखर आज आटोक्यात आहे, ती खांद्यानेच दाखवून दिली.