आकडे थांबतात तेव्हा

1999 मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉमचे अर्लेन निपर यांनी एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल तयार केला. काम होतं फिलिप्स 66 या कंपनीच्या तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्याचं. वाहिन्या ओसाड मुलखातून जात. माहिती उपग्रहामार्फत यायची, ती महाग पडायची आणि दुवा मधेच तुटायचा. म्हणून या प्रोटोकॉलमध्ये सुरुवातीपासून दोन गोष्टी आहेत. संदेशाचं ठरावीक शीर्ष फक्त 2 बाइटांपासून सुरू होतं, आणि दुवा तुटणं ही नेहमीची घटना मानून तिची व्यवस्था मुळातच केलेली असते. पहिल्या गुणाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला दुसरा अधिक मोलाचा वाटतो. चालू दुव्यावर आकडे कोणताही प्रोटोकॉल पोचवतो. आकडे येईनासे झाले की त्याचा अर्थ लावता येणं ही खरी गरज आहे.

रचना साधी आहे. यंत्रावरचा कंट्रोलर आपला आकडा एका टॉपिकवर प्रकाशित करतो. क्लाउडमधला ब्रोकर तो आकडा त्या टॉपिकचे वर्गणीदार असलेल्या सर्वांना देतो. डॅशबोर्ड हा त्यांतलाच एक वर्गणीदार. कंट्रोलर आणि डॅशबोर्ड यांची थेट गाठ कधीच पडत नाही. त्यामुळे कंट्रोलर गप्प झाला, तर ते डॅशबोर्डला कुणीतरी तिसऱ्यानेच सांगावं लागतं.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर बीएमसी, म्हणजे दूध थंड करणारी मोठी टाकी, आहे. तिच्या कंट्रोलरला 4जी मोडेम जोडला आहे. दुधाचं तापमान, कंप्रेसर आणि ढवळणी यांची स्थिती तो दर मिनिटाला पाठवतो. त्याचे टॉपिक असे ठरवता येतील:

```
doodh/satara/k07/bmc1/data
doodh/satara/k07/bmc1/hist
doodh/satara/k07/bmc1/state
doodh/satara/k07/bmc1/cmd
```

डावीकडून उजवीकडे व्याप्ती कमी होत जाते: जिल्हा, केंद्र, टाकी आणि शेवटी संदेशाचा प्रकार. या क्रमामुळे `doodh/satara/+/+/state` एवढी एक वर्गणी घेतली की जिल्ह्यातल्या सगळ्या टाक्यांची स्थिती मिळते. केंद्र 7 च्या कंट्रोलरला फक्त `doodh/satara/k07/` खालीच लिहिण्याची परवानगी देणंही सोपं होतं. टॉपिकची सुरुवात तिरक्या रेघेने करू नये, कारण त्याने एक रिकामी पातळी तयार होते. लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून `K07` आणि `k07` ही दोन वेगळी केंद्रं ठरतात. तापमान किंवा वेळ टॉपिकात घालू नये. टॉपिक हा पत्ता आहे आणि बदलणाऱ्या गोष्टींची जागा संदेशात आहे:

```
{"ts":1717245600,"seq":4127,"temp":6.8,"comp":1,"agit":1}
```

`ts` ही मोजणीची वेळ आहे, पोचण्याची नाही. पुढचं सगळं या एका भेदावर उभं आहे.

आता संध्याकाळचे 6 वाजून 10 मिनिटं झाली आहेत. कोमट दूध ओतणं चालू आहे, तापमान 6.8 अंश आहे, आणि वीज जाते. टॉवरही बंद पडतो. कंट्रोलर बॅटरीवर चालू आहे, पण रेंज नाही. जोडणी करताना त्याने ब्रोकरला दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. पहिली, किपअलाइव्ह 60 सेकंद. दुसरी, विल, म्हणजे मृत्युपत्र: मी न सांगता गेलो तर `state` वर `offline` लिही आणि ते जपून ठेव. ब्रोकर किपअलाइव्हच्या दीडपट थांबतो. शेवटचा संदेश 6:10:00 ला आला असेल, तर साधारण 6:11:30 ला `offline` जाहीर होतं. डॅशबोर्डवरचं 6.8 तेव्हाच करडं झालं पाहिजे आणि शेजारी त्याचं वय दिसलं पाहिजे. तसं केलं नाही तर 6.8 हा आकडा तासभर हिरवाच दिसतो आणि टाकीतलं दूध तापत राहतं.

कंट्रोलरकडची बाजू अधिक फसवी आहे. रेंज गेली तरी टीसीपीची जोडणी त्याच्या लेखी काही काळ जिवंत असते आणि लिहिलेले संदेश मोडेमच्या बफरमध्ये साचत राहतात. क्यूओएस 0 वर पोच मिळतच नाही. त्यातच काही साधे क्लायंट स्वतः काही पाठवलं नसेल तेव्हाच पिंग करतात. दर मिनिटाच्या आत आकडे जात असले तर पिंगची पाळीच येत नाही आणि कंट्रोलर बराच वेळ भिंतीशी बोलत राहतो. म्हणून आकडे क्यूओएस 1 वर पाठवावेत आणि ठरावीक सेकंदांत `PUBACK` आला नाही तर जोडणी आपणच बंद करावी. पोच न मिळालेला प्रत्येक संदेश साठ्यात जातो. एक संदेश 60 बाइटांच्या आत बसतो, त्यामुळे 12 तासांचे 720 संदेश साधारण 42 केबी होतात. साध्या कंट्रोलरच्या फ्लॅशमध्येही एवढी जागा निघते.

पुन्हा जोडण्याचे प्रयत्न 1, 2, 4, 8 सेकंद असे वाढत्या अंतराने करावेत आणि अंतर 120 सेकंदांपुढे वाढवू नये. प्रत्येक अंतरात थोडी यादृच्छिक भर घालावी. ती नसेल तर टॉवर सुरू होताच त्या भागातली सगळी केंद्रं एकाच क्षणी टीएलएसची जोडणी मागतात, ब्रोकर अडखळतो आणि ती सगळी पुन्हा एकत्रच प्रयत्न करतात.

जोडणी झाली की आधी `online`, मग आत्ताचा आकडा आणि त्यानंतरच साठा, असा क्रम हवा. साठा `hist` वर, सेकंदाला पाचेक संदेश या गतीने पाठवला तर 720 संदेशांना अडीच मिनिटं पुरतात. वेगळा टॉपिक यासाठी, की संध्याकाळचं 6.8 रात्री पोचलं तर डॅशबोर्डने ते चालू तापमान समजून धोक्याची घंटा वाजवू नये. क्यूओएस 1 मध्ये एकच संदेश दोनदा येऊ शकतो, म्हणून डेटाबेसमध्ये टाकी, `ts` आणि `seq` मिळून एकच नोंद राहील असं बंधन घालावं. आणि कंट्रोलर स्वतःही बंद पडला असेल, तर घड्याळ जुळल्याशिवाय काहीच पाठवू नये. नाहीतर आलेखाची रेघ 1970 मध्ये जाते.

एक बारीक अडचण तरीही उरते. रेंज 40 सेकंदांत परतली, तर ब्रोकरच्या लेखी जुनी जोडणी अजून जिवंत असते. त्याच क्लायंट आयडीने नवी जोडणी आली की तो जुनी तोडतो आणि तिचं मृत्युपत्र जाहीर करतो. मध्ये दुसरा ब्रोकर किंवा रांग असेल, तर हे `offline` नव्या `online` नंतर पोचू शकतं आणि चालू यंत्र मेलेलं दिसतं. स्पार्कप्लग बी या नियमावलीत यावर `bdSeq` हा उपाय आहे. प्रत्येक जोडणीला क्रमांक मिळतो, तो जन्माच्या संदेशात आणि मृत्युपत्रात सारखाच असतो. क्रमांक जुना असेल तर ते मृत्युपत्र सोडून द्यायचं. पूर्ण स्पार्कप्लग वापरायचं नसलं तरी एवढा क्रमांक आपल्या `state` मध्ये घालावाच. मात्र दर काही सेकंदांनी `online`, `offline` असा लपंडाव चालू असेल तर कारण बहुधा वेगळं असतं: प्रोग्राम दुसऱ्या टाकीवर तसाच उतरवला, दोन कंट्रोलरांचा क्लायंट आयडी एकच झाला आणि ते एकमेकांना बाहेर ढकलताहेत.

`state` जपून ठेवलेलं हवं, कारण नवा डॅशबोर्ड उघडताच त्याला स्थिती कळली पाहिजे. `cmd` मात्र कधीही जपून ठेवू नये. «कंप्रेसर चालू कर» हा जपलेला आदेश वर्गणी घेताक्षणी, म्हणजे प्रत्येक पुनर्जोडणीला, कंट्रोलरच्या हाती पडतो. कायम सत्र वापरलं तर तीन तास रांगेत पडलेला आदेशही असाच उशिरा येतो, आणि तोवर कुणी टाकी धुवायला घेतलेली असू शकते. 2019 च्या एमक्यूटीटी 5 मध्ये संदेशाला मुदत घालता येते. जुन्या 3.1.1 वर काम असेल तर मुदतीची वेळ आदेशातच लिहावी आणि कंट्रोलरने ती आपल्या घड्याळाशी ताडून मगच रिले ओढावा.