उरलं किती? टाकलं किती?

मुलांनो, आमच्या जासईत लग्नसराई सुरू झाली की मांडवामांडवांतून 'बुफे' लागतो. जेवण संपल्यावर दोन ठिकाणी अन्न दिसतं. एक पातेल्यात, दुसरं खरकट्याच्या टबात. आपण दोन्हीला 'वाया गेलं' म्हणतो. पण दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे!

आपल्या शाळेतल्या पोषण आहाराचंच बघा ना. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ धरतात आणि हजेरी पाहून शिजवतात. मांडवात मात्र 'कमी पडायला नको' म्हणून अंदाजे ओततात.

चला, एक गणित सोडवू. समजा, २०० जण जेवले. हा आकडा आमंत्रणांवरून धरायचा नाही, वापरलेली ताटं मोजायची. १६ किलो तांदळाचा ४५ किलो भात झाला. पातेल्यात ९ किलो उरला आणि टबात ४ किलो आला. म्हणजे पोटात गेला ३२ किलो, माणशी १६० ग्रॅम. पातेल्यातला ९ किलो म्हणजे आणखी ५६ जणांचं जेवण!

आता पुढच्या वेळी तांदूळ किती घ्यायचा? ३२ किलो भाताचा, असं म्हणाल तर फसाल! पातेल्यातून ३६ किलो भात बाहेर गेला होता. वाढण्याची पद्धत बदलली नाही, तर तेवढा लागणारच. म्हणून २०० जणांना १३ किलो तांदूळ पुरे. त्यातला १० किलो आधी शिजवायचा. निम्मी पंगत झाली, की ताटं मोजून उरलेला ३ किलो चुलीवर चढवायचा की नाही ते ठरवायचं. भात शिजेपर्यंत वेळ लागतो, म्हणून पातेल्याचा तळ दिसेपर्यंत थांबायचं नाही.

टबातल्या ४ किलोंचा उपाय मात्र वाढणाऱ्याच्या हातात आहे. मोठा डाव काढून लहान ठेवा. हवं त्याने पुन्हा घ्यावं.

वजन करताना दोन चुका होतात. टबात हाडं, साली, कागद पडले तर आकडा फुगतो, म्हणून त्यांची बादली वेगळी ठेवा. रिकाम्या टबाचं वजनही आधी करून ते वजा करा. दुसरी चूक म्हणजे पातेलं रिकामं दिसलं, की हिशेब जमला असं समजणं. कदाचित शेवटचे वीस जण भाताविना गेले असतील! म्हणून पातेलं किती वाजता संपलं, तेही लिहून ठेवा.

आणि पातेल्यातला स्वच्छ भात कुणाला द्यायचा, तर गरम असतानाच, दोन तासांच्या आत. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात जंतू वाढतात. त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

येत्या स्नेहसंमेलनाला एक वही घ्या आणि चार रकाने आखा: ताटं, शिजलं, उरलं, टाकलं. एका कार्यक्रमावरून नियम काढू नका. तीन-चार वेळा लिहा, मग वहीच सांगेल किती तांदूळ घ्यायचा ते!