मूळव्याध बरी झाली, पण कातडीचा कोंब तसाच राहिला. तो काढायचा की ठेवायचा?

दुखणं गेलं, सूज उतरली, रक्त थांबलं. तरीही संडासहून आल्यावर धुताना हाताला काहीतरी मऊ, लोंबतं लागतं. मग मनात शंका येते की मूळव्याध आत अजून आहेच, औषध लागू पडलं नाही, की हे काही दुसरंच निघालं? लाजेमुळे घरात कोणी बोलत नाही. मेडिकलमधून गुपचूप ट्यूब आणली जाते. ती संपली की दुसरी. कोंब मात्र जागचा हलत नाही.

बहुतेक वेळा हा कोंब म्हणजे मूळव्याध नसतेच. मूळव्याध येऊन गेल्यावर मागे राहिलेली ती जादा कातडी असते. डॉक्टर केसपेपरवर तिला ‘स्किन टॅग’ लिहितात. (जनावराच्या कानातल्या टॅगशी याचा काही संबंध नाही.) आपणही इथे तिला टॅगच म्हणू, म्हणजे खऱ्या मोडात आणि तिच्यात गल्लत होणार नाही.

हा टॅग तयार कसा होतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, ४५ वर्षांचे एक ट्रॅक्टरचालक आहेत. हंगामात ऊस वाहतूक, दिवसाचे बारा-चौदा तास सीटवर, वाटेत लघवीला थांबावं लागू नये म्हणून पाणी कमी. शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं. एके दिवशी सकाळी गुदद्वाराच्या कडेला अचानक द्राक्षाएवढी टणक, निळसर गाठ येते आणि बसणंही मुश्कील होतं. ही बाहेरची मूळव्याध. गुदद्वाराच्या कडेला कातडीखाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यात रक्ताची गुठळी अडकली की अशी गाठ येते.

पहिले दोन-तीन दिवस ठणका सगळ्यात जास्त असतो. त्या काळात आलेल्या रुग्णाची गाठ सर्जन कधी कधी सुन्न करून काढून टाकतात. आपले चालक मात्र पाचव्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात पोचले. तोवर दुखणं उताराला लागलेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी कापाकापी केली नाही. कोमट पाण्यात बसणं, शौच मऊ होण्याचं औषध आणि दुखण्याची गोळी, एवढंच दिलं. आठ-दहा दिवसांत ठणका गेला. गुठळी शरीरानं हळूहळू शोषून घेतली आणि महिना-दीड महिन्यात गाठ नाहीशी झाली.

पण त्या गाठीनं वरची कातडी इतके दिवस ताणून ठेवली होती. फुगा पूर्ण फुगवून हवा सोडली की तो पहिल्यासारखा घट्ट होत नाही, सुरकुतलेला लोंबत राहतो. कातडीचंही तसंच आहे. थोडीफार आखडते, बाकीची लोंबत राहते. शिवाय सूज असताना त्या कातडीत नवे तंतू तयार झालेले असतात, त्यामुळे ती जरा जाडसर होते. चालकांच्या बाबतीत शेंगदाण्याएवढा टॅग उरला. गुठळी गेली, तिची रिकामी पिशवी राहिली.

बायकांमध्ये गरोदरपणात आणि बाळंतपणात मोड येऊन नंतर बसतात, तेव्हाही असे टॅग राहतात. कधी एक, कधी दोन-तीन.

ट्यूबनं तो का जात नाही?

मूळव्याधीचा मलम सूज, जळजळ आणि ठणक कमी करतो. टॅगमध्ये यातलं काहीच नसतं, ती साधी कातडी आहे. मलम लावून कानाची पाळी लहान होत नाही, तसाच हा टॅगही होत नाही.

नुकसान मात्र होतं. यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. ती आठवडाभर वापरायला ठीक, पण महिनोन्‌महिने लावली तर तिथली नाजूक कातडी पातळ होते, आग होते, खाज सुटते. आपल्या चालकांनी तीन महिने ट्यूब लावली. खाज वाढली, म्हणून ते साबणानं जास्त घासून धुवायला लागले. त्यामुळे खाज आणखी वाढली. शेवटी ते उपजिल्हा रुग्णालयात सर्जनकडे गेले ते टॅगसाठी नव्हे, खाजेसाठी.

डॉक्टर काय बघतात?

सर्जननी आधी कुशीवर झोपवून नुसतं पाहिलं, मग बोटानं तपासलं, मग छोट्या नळीच्या दुर्बिणीतून आत पाहिलं. सगळं मिळून पाच मिनिटं. या तपासणीला लाजून लोक वर्ष-वर्ष काढतात, पण टॅग आहे की दुसरं काही, हे तिथेच कळतं. मोबाइलवर फोटो पाठवून ते नीट ठरत नाही.

टॅग मऊ असतो, रंग आजूबाजूच्या कातडीसारखा, दाबला तरी दुखत नाही आणि ढकलला तरी आत जात नाही. आतला मोड बाहेर येतो तेव्हा तो लालसर, ओलसर असतो, बोटानं ढकलला की बहुधा आत जातो आणि त्यातून रक्त येतं. साध्या टॅगमधून सहसा रक्त येत नाही. म्हणून टॅगही आहे आणि शौचाला रक्तही जातं, असं असेल तर ते रक्त दुसरीकडून येतंय असं धरून तपासून घ्यायचं.

शौचाच्या वेळी काचेनं कापल्यासारखं दुखत असेल, तर तो फिशर, म्हणजे चीर असू शकते. चिरेच्या टोकाशीही असाच टॅग तयार होतो, बहुतेक वेळा पाठीकडच्या बाजूला मधोमध. तिथे नुसता टॅग कापून उपयोग नाही. चीर तशीच राहिली तर दुखणंही तसंच राहतं.

कोंब खरखरीत असतील आणि एकाचे चार होत असतील तर ते चामखीळ असू शकतात, त्यांचा इलाज वेगळा. आणि कोंब टणक असेल, वाढत असेल, त्यावर न भरणारी जखम असेल, रक्त येत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाची सवय बदलली असेल, तर थांबू नका. साधा टॅग कॅन्सरमध्ये बदलत नाही, पण कॅन्सरची गाठ ‘जुना मोडच आहे’ म्हणून अंगावर काढली जाते, हा धोका खरा आहे.

मग काढायचा कधी?

आपल्या चालकांना सर्जन म्हणाले, “दादा, ही मूळव्याध नाही. त्रास नसेल तर आयुष्यभर राहिली तरी बिघडत नाही. आधी ट्यूब बंद करा, साबण बंद करा. नुसत्या पाण्यानं धुवा, न घासता टिपून कोरडं करा. महिन्यानं सांगा, अजून काढावासा वाटतो का.” महिन्याभरात खाज गेली. टॅग आहे तिथेच आहे. त्यांनी तो काढला नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं. त्रास टॅगचा नव्हताच, घासण्याचा आणि ट्यूबचा होता.

पण प्रत्येकाचं असं होत नाही. टॅग मोठा असेल, घडीत मळ अडकून कितीही धुतलं तरी ओल राहत असेल, कपड्यात घासून सारखा सोलवटत असेल, चालताना किंवा गाडीवर बसताना टोचत असेल, तर काढण्याचा विचार होतो. काहींना तो नुसता नको वाटतो, तेही कारण चालतं. मात्र सूज असताना सर्जन शक्यतो काढत नाहीत, कारण नेमकी जादा कातडी किती आहे ते तेव्हा कळत नाही. मूळव्याध पूर्ण बसल्यावर दीड-दोन महिने थांबतात. बाळंतिणीला काही महिने थांबायला सांगतात, तोवर टॅग बराच आटूही शकतो. आतड्याचा क्रोन नावाचा आजार असलेल्यांत तिथली जखम लवकर भरत नाही, म्हणून त्यांचे टॅग शक्यतो कापत नाहीत.

काढणं तसं छोटं काम आहे. तिथे सुन्न करणारं इंजेक्शन देतात आणि कात्रीनं, कॉटरीनं किंवा लेझरनं टॅग मुळाशी काढतात. बहुतेक लोक त्याच दिवशी घरी जातात. लेझरच्या पाट्या पाहून जादा पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात ठेवा की कात्रीनं काढलेलाही टॅग तितकाच निघतो. जखम भरायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या काही शौचांना चांगलंच दुखतं, त्यासाठी दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसायचं. शुगर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, गोळी स्वतःहून बंद करू नका. चारी बाजूंनी टॅग असतील तर डॉक्टर एका वेळी सगळे काढायला तयार होत नाहीत. सगळीकडून कातडी काढली आणि व्रण आवळला तर शौचाची वाटच अरुंद होते.

दोरा, ॲसिड, ब्लेड नको

आठवडी बाजारात ‘विना ऑपरेशन मोड पाडू’ अशा पाट्या दिसतात. तिथे टॅगला घोड्याच्या केसानं किंवा दोऱ्यानं आवळतात, नाहीतर जाळणारं औषध लावतात. आतल्या मोडाला दवाखान्यात रबराचं कडं लावतात ते खरं आहे, पण आतल्या अस्तराला ठणक कळत नाही. बाहेरच्या कातडीला बोटाच्या टोकाइतकं कळतं. तिथे दोरा आवळला की रात्रभर माणूस लोळतो, कातडी कुजते, पू होतो. जाळणारं औषध टॅगपुरतं थांबत नाही, आजूबाजूची कातडीही खातं. पदवीधर आयुर्वेद सर्जनचं क्षारसूत्र वेगळं, ते मुख्यतः भगंदरासाठी असतं.

टॅग काढला तरी नवी मूळव्याध आली की नवा टॅग येऊ शकतो. म्हणून शौच मऊ राहिलं पाहिजे: भाकरीबरोबर पालेभाजी, पुरेसं पाणी, गरज पडली तर रात्री एक-दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. आणि मोबाइल संडासात नेऊ नका. बातमी बाहेर येऊन वाचली तरी चालते.

दाखवायला ग्रामीण रुग्णालयात जा. तिथे सर्जन नसतील तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जाताना आतापर्यंत लावलेल्या ट्यूबांची रिकामी खोकी सोबत न्या. त्यात स्टिरॉइड होतं का, हे डॉक्टर त्यावरून लगेच सांगतील.