परदेशी गेलेल्या मुलाचा दिवस : घरची आठवण आणि छोटे नेम

ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या बऱ्याच घरांत आज एक तरी मूल परदेशात नोकरीला आहे. व्हिसा, तिकीट, बॅगेतले मसाले याची तयारी आपण नीट करतो. पण पहिल्या हिवाळ्यात येणाऱ्या एकटेपणाची तयारी सहसा होत नाही. तो येतो कुठून, ते आधी समजून घेऊ.

डोंबिवलीत माणसं भेटावीत म्हणून काही करावं लागत नाही. सकाळच्या लोकलचा ग्रुप ठरलेला असतो, जिन्यात काकू विचारतात, "काय रे, आज उशीर?" दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नुसतं उभं राहिलं तरी अर्धी शाळा भेटते. परदेशात ही आपोआप होणारी बोलणी एकदम थांबतात. म्हणजे फक्त आई-बाबांची आठवण येते असं नाही, दिवसाला आधार देणारी माणसंच नाहीशी होतात.

याच कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. पत्र पोचायला तेव्हा आठवडेच्या आठवडे लागत. पण कॉलेज सुरू होण्याआधी त्या रोसेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. घरची पत्रं उशिरा येत, पण रोज बोलणारं माणूस समोर होतं. आजच्या मुलाचं नेमकं उलट होतं. व्हिडिओ कॉल हातात, पण शेजारी कोणी नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, डोंबिवलीचा एक मुलगा नोव्हेंबरमध्ये जर्मनीत म्युनिकला रुजू झाला. डिसेंबरात तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. संध्याकाळी साडेसहाला तो खोलीवर येतो, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात, कारण हिवाळ्यात फरक साडेचार तासांचा असतो. आई डोळे चोळत फोन घेते. बोलणं संपलं की त्याच्यापुढे चार-पाच तासांची रिकामी संध्याकाळ उरते. रविवारी तर बहुतेक दुकानंही बंद. मग उशिरापर्यंत मोबाईल, उशिरा झोप, सोमवारी मरगळ.

यावर चार छोटे नेम उपयोगी पडतात.

पहिला, फोनची वेळ सकाळी आणा. त्याच्याकडे सव्वासात, आपल्याकडे पावणेबारा. तो चहा टाकतोय, आई पोळ्या लाटतेय, दहा मिनिटं साधं बोलणं. "जेवलास का?" यापेक्षा "आज डब्यात काय?" विचारा. लांब गप्पा शनिवारी. मार्चअखेर तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेतीन तासांवर येतो, तेव्हा वेळ पुन्हा ठरवा.

दुसरा, दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर चालणं, आभाळ भरलेलं असलं तरी. दिवसाचा उजेड मिळाला की शरीराचं घड्याळ जागेवर राहतं आणि रात्रीची झोप लागते.

तिसरा, संध्याकाळी एक पदार्थ स्वतः करायचा. वरण-भातही पुरे. शनिवारी सामान आणलं की रविवार अडत नाही.

चौथा नेम सर्वांत महत्त्वाचा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच माणसांत जायचं. तिथल्या शहरांत 'फोल्क्सहोखशूल' नावाच्या प्रौढशिक्षण संस्था असतात. त्यांचा संध्याकाळचा जर्मन वर्ग याला फार चांगला. पहिले तीन-चार आठवडे काहीच घडल्यासारखं वाटत नाही. पण तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसले की ओळख होते, अगदी आपल्या लोकलच्या ग्रुपसारखी. मराठी मंडळाचे गणपती-दिवाळी छानच, पण सणावारी भेटणं आठवड्याच्या भेटीची जागा घेऊ शकत नाही.

चारही नेम एकदम लावू नयेत. फोन आणि चालणं आधी, बाकीचे पंधरा दिवसांनी. आणि आपणही "करमत नसेल तर ये परत" किंवा "इतके पैसे घातलेत" ही दोन्ही वाक्यं टाळावीत. पहिल्याने पाय तिथे रुजत नाहीत, दुसऱ्याने मूल खरं सांगायचं थांबवतं.

साधी आठवण आणि आजार यातला फरकही ओळखता आला पाहिजे. आठवण येते-जाते, मधल्या वेळात मूल हसतं, जेवतं, कामावर जातं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, जेवण चुकतंय, कॅमेरा सतत बंद, प्रत्येक प्रश्नाला "ठीक आहे" एवढंच, असं दिसलं तर नेमांवर विसंबू नका. त्याला तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे जायला सांगा, आणि जगण्यातच अर्थ नाही असं बोलला तर त्याच दिवशी. अपॉइंटमेंट घेताना आपण फोनवर सोबत राहिलो, तर त्याला ते पाऊल उचलणं सोपं जातं.