गंधार ऐकू येण्यासाठी

रविवारी सकाळी सात वाजता पुण्यातल्या एका घरात गाण्याचा वर्ग सुरू होतो. शिष्य असतो कॅलिफोर्नियात. उन्हाळ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे तिथे शनिवार संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. अशा वर्गांत एक संवाद इतक्यांदा होतो, की ऑनलाइन शिकवणाऱ्या बहुतेक गायकांना तो पाठ झालेला असतो.

"तंबोरा बंद केलास का रे?"

"नाही गुरुजी, चालूच आहे."

दोघेही खरे बोलत असतात. शिष्याच्या खोलीत तंबोरा नीट वाजत असतो. वर्ग सुरू झाल्यावर दोन-चार सेकंद गुरुजींनाही तो ऐकू येतो, मग विरत जातो आणि नाहीसा होतो. शिष्याने षड्ज लावला की त्याच्या आवाजाबरोबर तंबोऱ्याचे तुकडे वर येतात आणि तो थांबला की पुन्हा बुडतात. लांब धरलेला षड्जही मधेच पातळ होतो, जणू शिष्याचा दमसास कमी पडतोय. गुरुजी श्वासावर काम करायला सांगतात. दोष मात्र श्वासाचा नसतो. मधले अॅप आपले काम चोख करत असते, एवढेच.

झूम, गूगल मीट, मायक्रोसॉफ्ट टीम्स ही अॅप्स बैठकांसाठी बनवलेली आहेत. बैठकीत हवे असते बोलणे आणि नको असतो पंखा, एसी, मिक्सर, रस्त्यावरची रहदारी. या दोन्हींत फरक करण्याची जुनी युक्ती साधी आहे. माणूस बोलताना आवाज सतत बदलतो. सेकंदात तीन-चार अक्षरे येतात, मधे सूक्ष्म विराम पडतात. पंखा मात्र एकसारखा घुमत राहतो. म्हणून जो आवाज न बदलता टिकून राहतो तो गोंगाट समजायचा, विरामाच्या क्षणी त्याचे मोजमाप घ्यायचे आणि पुढच्या ध्वनीतून तेवढे वजा करायचे. १९७९ साली स्टीव्हन बोल या अभियंत्याने ही वजाबाकीची पद्धत मांडली. आजची अॅप्स त्यापुढे गेली आहेत. बोलण्याचे आणि गोंगाटाचे असंख्य नमुने देऊन त्यांना शिकवलेले असते. पण शिकवण बोलणे ओळखण्याचीच आहे.

आता या चाळणीच्या नजरेने तंबोऱ्याकडे पाहा. चार तारा, तोच क्रम, तोच वेग, तासभर न बदलणारा नाद. चाळणीच्या हिशेबाने तंबोऱ्याइतका पंख्यासारखा दुसरा कोणताही सांगीतिक आवाज नाही. हार्मोनियमचा धरलेला सूर, बासरीचा लांब स्वर, डग्ग्याची रेंगाळणारी घुमक यांनाही हीच वागणूक मिळते. पण पहिला बळी तंबोऱ्याचाच जातो आणि आपल्या संगीतात शिकवणीचा पायाच तो आहे.

हे नुकसान किती खोल आहे, ते एका स्वरावरून दिसेल. आपला कॅलिफोर्नियाचा शिष्य काळी एकमध्ये गातो असे धरू आणि त्याला यमन चालू आहे. यमनचा वादी स्वर गंधार. तंबोरा जुळवला आहे प, सा, सा आणि खरज असा. काळी एकचा मधला षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणून खरजाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. या तारेच्या नादात तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर मिसळलेले असतात. पाचपटीचा उपस्वर येतो ३४६ हर्ट्झच्या आसपास आणि तोच गंधार. कुणी न छेडता खरजातून उमटणारा म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

तो इतका स्पष्ट ऐकू येतो, याचे श्रेय जवारीला. मिरजेचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून किंचित गोलाई आणतात आणि वाजवणारा तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. त्यामुळे कंपणारी तार घोडीला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि वरचे उपस्वर झळाळून उठतात. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणेवरच्या निबंधात याच घोडीचा अभ्यास केला. तार जिथे छेडली तिथे जो उपस्वर नियमाप्रमाणे उमटायलाच नको, तोही या वाद्यांत स्पष्ट उमटतो, हे त्यांनी दाखवून दिले. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या या हातकामाला.

हार्मोनियमचा गंधार याच पट्टीत ३४९ हर्ट्झच्या जवळ जातो, म्हणजे तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा पावणेतीन हर्ट्झने चढा. यमन शिकवताना गुरुजींना नेमके हेच सांगायचे असते की पेटीचा गंधार सोड आणि तंबोऱ्याच्या गंधारात विरघळ. शिष्याचा गंधार किंचित चढा असेल तर त्याच्या खोलीत सेकंदाला दोन-तीन हेलकावे ऐकू येतील, बरोबर बसला तर स्वर स्थिर होईल. पुण्यात मात्र तंबोराच पोहोचत नाही, त्यामुळे ना हेलकावे, ना स्थिरता. गुरुजी चुकीचा गंधार ऐकूनही खात्रीने दुरुस्त करू शकत नाहीत.

यावरचा उपाय झूममध्ये अंगभूत आहे. २०२० च्या टाळेबंदीत जगभरचे संगीतशिक्षक पडद्यासमोर बसले, तेव्हा त्यात संगीतासाठी वेगळी सोय वाढवली गेली. संगणकावरच्या झूममध्ये Settings उघडून Audio मध्ये जायचे. तिथे Audio Profile या शीर्षकाखाली Original sound for musicians हा पर्याय असतो, तो निवडायचा. त्याखाली तीन चौकटी दिसतात. High-fidelity music mode वर खूण करायची, म्हणजे आवाज बोलण्यापुरता न आवळता ४८ किलोहर्ट्झच्या दर्जाने जातो. Stereo audio ला हात लावायचे कारण नाही, एका माइकवर त्याचा उपयोग होत नाही आणि इंटरनेटवरचा भार मात्र वाढतो. राहिली Echo cancellation, तिच्याकडे पुढे येऊ.

एवढे केल्याने काम संपत नाही, फक्त परवानगी मिळते. वर्ग सुरू झाल्यावर खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात Original sound for musicians: Off असे दिसते. त्यावर टिचकी मारून On करावे लागते. बरेच जण इथेच थांबतात आणि मग सेटिंगचा उपयोग झाला नाही म्हणतात. मोबाइलवर आधी Settings मध्ये Use original sound चालू करावे लागते आणि मग वर्गात More मधून ते सुरू करता येते. संगणकाइतके पर्याय तिथे मिळत नाहीत. गाण्याच्या वर्गाला म्हणून संगणक बरा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. गुरुजींना तंबोरा ऐकू येत नाही, म्हणून गुरुजी आपल्या संगणकावर ही सोय चालू करतात आणि फरक काहीच पडत नाही. कारण गाळणी बसलेली असते पाठवणाऱ्याच्या बाजूला. माइकमध्ये शिरलेला आवाज इंटरनेटवर जाण्याआधीच चाळला जातो. शिष्याच्या खोलीतला तंबोरा पुण्यात पोहोचवायचा तर कळ शिष्याने दाबायची. गुरुजींची कळ शिष्याला काय ऐकू येईल, एवढेच ठरवते. वर्गात वीस मुले असतील तर वीस संगणकांवर हे करावे लागते. लहान मुलांच्या पालकांना फोनवर समजावून सांगण्यात पहिला वर्ग गेला, तरी तो वाया गेला असे समजू नये.

आता प्रतिध्वनीची चौकट. गुरुजींचा आवाज शिष्याच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि पुण्याला परत जातो. तो परत जाऊ नये म्हणून अॅप स्पीकरवर जे वाजते आहे ते माइकच्या आवाजातून कापते. बोलण्यात हे खपून जाते. गाण्यात गुरू आणि शिष्य एकाच षड्जावर असतात, दोघांचे तंबोरे एकाच पट्टीत असतात आणि कापताना शिष्याचा स्वरही कापला जातो. म्हणून दोघांनी हेडफोन घालावेत आणि मग Echo cancellation वरची खूण काढावी. हेडफोन नसताना ती काढली, तर गुरुजींना स्वतःचेच गाणे थोड्या वेळाने परत ऐकू येते. हेडफोन वायरीचेच हवेत. ब्लूटूथच्या हेडफोनमधला माइक सुरू झाला की तो फोनवरच्या बोलण्याच्या दर्जावर उतरतो आणि जवारीची झळाळी तिथेच संपते. शिष्याचा तंबोराही हेडफोनच्या आत न वाजता खोलीत, माइकला ऐकू येईल असा वाजला पाहिजे. वेगळ्या फोनवरचे तंबोऱ्याचे अॅप किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोरा हातभर अंतरावर ठेवला की पुरते.

इतके करूनही तंबोरा बुडत असेल, तर चाळणी झूमच्या बाहेर आहे. विंडोजमध्ये माइकच्या गुणधर्मांत Audio enhancements नावाची सोय असते, ती बंद करावी. मॅकवर वरच्या पट्टीतल्या Mic Mode मध्ये Voice Isolation निवडलेले असेल, तर ते सगळे संगीत गिळते, तिथे Standard किंवा Wide Spectrum निवडावे. झूमच्याच Audio सेटिंगमध्ये Automatically adjust microphone volume वरची खूणही काढलेली बरी. नाहीतर तार षड्जावर आवाज आपोआप दाबला जातो, मंद्रात फुगवला जातो आणि गायकाने मुद्दाम केलेला लहानमोठा आवाज सपाट होतो.

सगळे जमले का हे स्वतःच्या खोलीत कळत नाही, ऐकणारा समोरचाच हवा. शिष्याने तंबोरा सुरू करावा आणि वीस सेकंद कुणीही काही बोलू नये. पुण्यात नाद शेवटपर्यंत तसाच राहिला, तर चाळणी गेली. मग शिष्याने पंधरा सेकंद षड्ज धरावा, तोही मधे पातळ होता कामा नये. पंखा आणि फ्रिज मात्र आता ऐकू येणारच. खोलीतला पंखा बंद करणे ही या सोयीची किंमत आहे आणि ती द्यायला हरकत नाही.

एक गोष्ट या कळीने होत नाही. पुणे ते कॅलिफोर्निया अंतर साधारण साडेतेरा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार सरळ टाकली असती, तरी आवाज पोहोचायला किमान ६७ मिलिसेकंद लागले असते. प्रत्यक्षात वळणे, यंत्रे आणि अॅपचा स्वतःचा विलंब मिळून हा आकडा खूप वाढतो. जाण्यायेण्याचा विलंब पाव सेकंद धरला आणि लय मिनिटाला २४० मात्रांची असली, तर गुरुजींच्या तबल्यावर गाणारा शिष्य गुरुजींना अख्खी एक मात्रा मागे ऐकू येतो. म्हणून एकाने गावे, दुसऱ्याने ऐकावे आणि मग उलट. जो गातो त्याचाच तंबोरा चालू, दुसऱ्याचा बंद, नाहीतर एकाच पट्टीतले दोन तंबोरे मागेपुढे वाजत राहतात. ठेका लागेल तेव्हा तो शिष्याच्याच खोलीत वाजावा.

ऑनलाइन शिकवणाऱ्या गुरुजनांनी पुढच्या वर्गाची पहिली पाच मिनिटे यासाठी राखून ठेवावीत. शिष्याला आपल्यासमोर वरच्या डाव्या कोपऱ्यातली कळ On करायला लावावी, त्याला गप्प बसवावे आणि फक्त त्याचा तंबोरा ऐकावा. खरजातून गंधार ऐकू आला, की मगच यमन सुरू करावा.