बाण मोजायचे कुठल्या बाजूने?

अकरावीतल्या भाचीने परवा 'संबंध आणि फलन'ची वर्कशीट माझ्यापुढे ठेवली. दोन लंबगोल, डावीकडे आकडे, उजवीकडे अक्षरं, मध्ये बाण. प्रत्येक आकृतीखाली छापील उत्तर होतं. काहीतरी चुकलंय एवढं तिला जाणवत होतं, पण काय ते सापडत नव्हतं.

एका आकृतीत 1 चा बाण क कडे, 2 चा ख कडे, 3 आणि 4 दोघांचे ग कडे. खाली छापलेलं: 'प्रत्येक घटकातून एकच बाण निघतो, म्हणून वन-वन.' घोटाळा इथेच आहे. डावीकडच्या प्रत्येकातून एक आणि एकच बाण निघणं ही साध्या फलनाचीच अट आहे. ती पाळल्याचं वेगळं बक्षीस नाही. पंगतीत प्रत्येकाला एक पाट मिळाला की फलन झालं. एका पाटावर दोघे बसले नाहीत, तर ते वन-वन. इथे 3 आणि 4 एकाच पाटावर दाटीवाटीने बसलेत. खरं तर बाण बघायचीही गरज नव्हती: माणसं चार, पाट तीन, कुणीतरी दाटीने बसणारच. पाट मात्र एकही रिकामा नाही, म्हणून हे फलन ऑन्टू आहे. वर्कशीटने नेमका तोच गुण सांगितला नव्हता.

दुसऱ्या एका आकृतीत 1 मधून दोन बाण, क आणि ख कडे. 2 मधून एक, ग कडे. शेरा: 'उजवीकडचं सगळं भरलं, म्हणून ऑन्टू फलन.' अहो, पण एकच माणूस दोन पाटांवर! तो संबंध आहे, फलन नाहीच. वन-वन की ऑन्टू हा प्रश्न त्याच्यापुढे टाकायच्या आधीच तो बाद होतो. म्हणून तपासायला डावीकडून सुरुवात करायची. तिथे सगळं ठीक निघालं, तरच उजवीकडे येणारे बाण मोजायचे. कुठे दोन आले तर वन-वन गेलं, कुठे एकही आला नाही तर ऑन्टू गेलं.

सगळ्यात फसवी आकृती पहिलीच होती. 1, 2, 3 चे बाण सरळ क, ख, ग कडे, कुठे गुंता नाही. खाली घ एकटाच. शेरा: 'वन-वन आणि ऑन्टू.' वन-वन बरोबर, पण घ कडे बाण येत नाही, त्यामुळे ऑन्टू नाही. "पण मामा, बाण तर सगळे लागलेत ना?" लागलेत. पण ऑन्टू ठरतं ते उजवीकडच्या लंबगोलात, म्हणजे सहप्रांतात, कोणकोण आहे त्यावर.

तिने पेन्सिलच्या मागच्या रबराने घ खोडला. एकही बाण हलला नाही, आणि छापील उत्तर बरोबर झालं. क्षणभर बघून तिने घ पुन्हा लिहिला, कारण प्रश्न त्याच्यासकट विचारला होता.