गाठीची रसद तोडणारे औषध आणि वाढता रक्तदाब

कर्करोगाच्या उपचारांत अलीकडे एका औषधाचे नाव वारंवार कानी पडते, ते म्हणजे बेव्हासिझुमॅब. आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला ते सलाईनमधून दोन किंवा तीन आठवड्यांनी एकदा देतात. ते सुरू झाल्यावर काही रुग्णांच्या नाकातून रक्त येते. ज्यांना आयुष्यात कधी रक्तदाबाचा त्रास नव्हता, अशांचाही रक्तदाब वाढतो. घरातील मंडळी धास्तावतात. ‘औषध कर्करोगाचे, मग रक्तदाब का वाढावा?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर औषधाच्या मूळ कार्यातच दडलेले आहे.

कर्करोगाची गाठ आरंभी अत्यंत सूक्ष्म असते. आसपासच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर आणि पोषणावर ती एक-दोन मिलिमीटरपर्यंत वाढू शकते. त्यापुढे जायचे तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यात. अमेरिकेतील शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये असा विचार मांडला, की या नव्या रक्तवाहिन्या फुटूच दिल्या नाहीत तर गाठीची वाढ रोखता येईल. शत्रूचा किल्ला सर करण्यापूर्वी त्याची रसद तोडावी, तशीच ही नीती होती.

गाठ रक्तवाहिन्या मागवते तरी कशी? ती एक प्रथिन स्रवते, ज्याला संक्षेपाने व्हीईजीएफ म्हणतात. जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातील पेशींवर त्या प्रथिनाला जोडून घेणारे ग्राहक असतात. संदेश पोहोचला, की त्या पेशींची संख्या वाढते, त्या गाठीच्या दिशेने सरकतात आणि नवी वाहिनी आकार घेते. 1989 मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी हे प्रथिन वेगळे करून ओळखले. बेव्हासिझुमॅब त्याच प्रथिनाला रक्तातच पकडून ठेवते आणि संदेश ग्राहकापर्यंत पोहोचू देत नाही. सुनिटिनिब, सोराफेनिब, अ‍ॅक्सिटिनिब या गोळ्या दुसऱ्या टोकाला काम करतात. त्या ग्राहकाने पेशीच्या आत पुढे पाठवायचा निरोप अडवतात.

परंतु व्हीईजीएफ ही केवळ गाठीची मिरास नव्हे. निरोगी शरीरातही ते प्रतिदिनी काम करीत असते, आणि येथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडते.

प्रथम रक्तदाबाचा विचार करू. व्हीईजीएफचा संदेश मिळाल्यावर रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करतात. या वायूमुळे वाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंद राहते. संदेश अडला, की वायू कमी तयार होतो आणि वाहिन्या आकसतात. तेवढेच रक्त अरुंद मार्गातून वाहू लागले, की दाब वाढणारच. शिवाय काही अतिसूक्ष्म केशवाहिन्याही कमी होतात, त्यामुळे रक्ताला जाण्याच्या वाटा घटतात. मूत्रपिंडातील गाळणीलाही या प्रथिनाचा आधार लागतो. तो तुटल्यास लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. म्हणूनच उपचारकाळात लघवीची तपासणी सांगितली जाते.

आता रक्तस्रावाकडे वळू. अस्तरातील पेशी सतत झिजतात आणि त्यांची दुरुस्ती होत असते. या दुरुस्तीसाठी व्हीईजीएफ लागते. ते न मिळाल्यास अस्तर दुबळे होते आणि बारीकशी चीर लवकर सांधत नाही. नाकाच्या आतील त्वचा नाजूक व रक्तवाहिन्यांनी भरलेली असल्यामुळे तेथून रक्त येणे सर्वांत जास्त आढळते. रक्ताच्या अहवालात प्लेटलेट पुरेशा असूनही असे घडू शकते, कारण दोष रक्तात नसून वाहिनीच्या भिंतीत असतो. गाठीच्या आतील वाहिन्या तर मुळातच वेड्यावाकड्या आणि कच्च्या असतात. औषधाने गाठीचा भाग मृत होऊन पोकळी झाली आणि ती मोठ्या रक्तवाहिनीला लागून असली, तर गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत ही भीती अधिक असते. खोकल्यातून नुकतेच अर्धा चमचा वा अधिक लाल रक्त पडलेल्या रुग्णाला हे औषध देऊ नये असा दंडक आहे.

हिशेबाची जमा बाजूही पाहावी. आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगावरील, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान 15.6 महिने होते. बेव्हासिझुमॅब जोडल्यावर ते 20.3 महिने झाले. त्याच चाचणीत औषधोपचार लागेल इतका रक्तदाब वाढण्याचे प्रमाण सुमारे 2 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर गेले. लाभ खरा आहे, पण तो रोगमुक्ती नव्हे, आणि त्याची किंमतही आहे.

ही किंमत आटोक्यात कशी ठेवतात, ते उदाहरणाने पाहू. समजा, 58 वर्षांच्या एका व्यापारी गृहस्थांना हे औषध सुरू झाले. आरंभीचा रक्तदाब 124/78. घरच्यांनी वही घातली. सकाळी पाच मिनिटे शांत बसून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून घेतलेला आकडा रोज लिहिला. दुसऱ्या सलाईननंतर आकडे 138/86 झाले, तिसऱ्यापूर्वी सलग तीन दिवस 156/98 आले. त्रास काहीच नव्हता. वही नसती तर ही वाढ कळलीच नसती. डॉक्टरांनी अम्लोडिपिनसारखी गोळी सुरू केली, लघवी तपासली आणि कर्करोगाचे औषध चालू ठेवले. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. गोळ्यांनीही दाब आटोक्यात येत नसेल तर औषध तात्पुरते थांबवतात. दाब धोक्याच्या टोकाला गेला किंवा गंभीर रक्तस्राव झाला तर ते कायमचे बंद करतात.

घरात काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. नाकातून रक्त आल्यास रुग्णाला पुढे वाकून बसवावे व नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे सलग दाबून धरावा. तरीही रक्त न थांबल्यास रुग्णालय गाठावे. डांबरासारखी काळी शौच, खोकल्यातून किंवा उलटीतून रक्त, पोटात अकस्मात तीव्र वेदना, असह्य डोकेदुखी, अंधुक दृष्टी, गोंधळलेपण, झटके किंवा एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी स्वतःहून घेऊ नये, कारण ती रक्तदाबही वाढवते आणि रक्तस्रावालाही वाट देते. रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून चालू असेल तर ती डॉक्टरांना सांगावी, पण परस्पर बंद करू नये.

आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. जखम भरण्यासाठीही नव्या रक्तवाहिन्या लागतात. म्हणून ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी किमान 28 दिवस हे औषध थांबवतात, आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किमान 28 दिवस उलटून जखम पूर्ण भरल्याखेरीज ते देत नाहीत. याचे कारण असे, की एका मात्रेतील निम्मे औषध शरीरातून जाण्यास सुमारे 20 दिवस लागतात. दात काढण्यासारखे किरकोळ वाटणारे काम असले, तरी दंतवैद्यांना या उपचाराची आणि शेवटच्या सलाईनच्या तारखेची कल्पना आधी द्यावी.